कंसमामा आणि नंतरची सही

त्यांचे खरे नाव जिन्याच्या वळणावरील पाटीवर लिहिलेले होते. परंतु त्या वळणावर दिवा नसल्यामुळे ते वाचण्याचा प्रसंग फारसा कोणावर आला नाही. लोक त्यांना कंसमामा म्हणत. पुराणातल्या त्या दुष्ट मामाशी त्यांचे दूरचेही नाते नव्हते. ते कागदपत्रांचा इंग्रजीत अनुवाद करीत, आणि कागदावर जे जे अक्षर नसून दुसरेच काही असेल ते ते चौकटी कंसात लिहून ठेवीत. शिक्का असेल तर कंसात शिक्का. सही असेल तर कंसात सही. रकाना कोरा असेल तर कंसात ‘कोरा’. या कंसांमुळे आणि तळमजल्यावर झेरॉक्सचे दुकान चालविणाऱ्या चाळिशीतल्या भाचीमुळे हे नाव पडले, आणि तिनेच ते गावभर केले.

न्यायालयाच्या भाषांतर शाखेत एकतीस वर्षे काढून मामा निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर माणसे देवाकडे वळतात किंवा बागेकडे. मामा भाचीच्या दुकानावरच्या खोलीत गेले. तेथे एक टेबल, दांडीचे भिंग, मान मोडलेला दिवा आणि दोन खुर्च्या होत्या. त्यांपैकी बरी खुर्ची गिऱ्हाइकासाठी होती, कारण दुसरीत कसे बसायचे ते फक्त मामांना ठाऊक होते.

त्यांचा नियम एकच होता. कागदावर आहे ते सर्व लिहावे. नाही ते काहीही लिहू नये. कोणी म्हणाले की, “मामा, तो शिक्का पुसट आहे, सोडून द्या,” तर मामा कंसात लिहीत: गोल शिक्का, जांभळी शाई, अंशतः अवाच्य. कोणी म्हणाले की, “स्पेलिंग चुकलंय, तेवढं सरळ करून टाका,” तर मामा चूक तशीच ठेवीत आणि खाली टीप देत, की मुळात असेच आहे आणि पासपोर्टात असे आहे. तारीख लिहिताना महिना नेहमी अक्षरी लिहीत. कारण काही देशांत आधी दिवस लिहितात, काही देशांत आधी महिना, आणि त्या दोघांच्या भांडणात गिऱ्हाइकाचे लग्न मार्चमधून डिसेंबरात जाऊ शकते.

ही सवय खोलीपुरती राहिली असती तर बरे झाले असते. एकदा त्यांच्या बहिणीने, म्हणजे भाचीच्या आईने, रागावून लांबलचक पत्र पाठविले. मामांनी ते वाचले, आणि हातात पेन्सिल होतीच म्हणून समासात टीप केली: ‘[येथे शाई पसरली आहे; अश्रू अथवा पाणी]’. पुढे ते पत्र बहिणीच्या दृष्टीस पडले. ती दोन महिने बोलली नाही. “अश्रू अथवा पाणी,” एवढेच ती ज्याला त्याला सांगे, आणि ऐकणारा तिच्याच बाजूने होई.

एका सोमवारी सकाळी जिन्यावर पावले वाजली. भाचीने खालून आवाज दिला, “मामा, गिऱ्हाईक पाठवतेय. जिना अंधारा आहे म्हणून सांगितलंय. खुर्चीचं तू सांग.”

आलेल्या बाई शिवणकाम करणाऱ्या होत्या. वय सत्तावन्नच्या आसपास, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. त्यांनी पिशवीतून कापडी पाकीट काढले. ते त्यांनी स्वतः शिवलेले होते. त्याला अस्तर होते, बटण होते, आणि काज इतके सुबक होते की मामांनी आतल्या कागदाआधी त्याच्याकडे भिंगातून पाहिले.

“लग्नाचा दाखला आहे,” शिवणबाई म्हणाल्या. “इंग्रजी करून हवाय. शुक्रवारी व्हिसाच्या ऑफिसात तारीख आहे.”

“कोणाकडे जाताय?”

“नवऱ्याकडे. आणखी कोणाकडे जाणार या वयात.”

नवरा अकरा वर्षे परदेशात पावाच्या भट्टीवर काम करीत होता. दोन-तीन वर्षांतून एकदा येई, तीन आठवडे राही, त्यांतला एक आठवडा झोपेत घालवी. आता त्याला तेथे कायम राहण्याची परवानगी मिळाली होती आणि त्याने बायकोला बोलावले होते. मुलगी लग्न होऊन आपल्या घरी सुखी होती. मागे पाश उरला तो शिलाई यंत्राचा. शुक्रवारची तारीख चुकली तर पुढची पाच महिन्यांनी मिळणार होती.

“आणि पाच महिन्यांत ते मला ओळखणार नाहीत असं नाही,” बाई म्हणाल्या, “पण मीच त्यांना ओळखेन का, याची खात्री नाही. फोनवर रोज बारीक दिसतात.”

मामांनी पासपोर्ट मागून घेतला, कारण नावांचे इंग्रजी त्याबरहुकूम लिहायचे असते. दाखल्याची मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हते. तेही लिहावे लागते. उद्या या, असे सांगून त्यांनी बाईंना जिन्यापर्यंत पोचविले आणि कामास लागले.

दाखला चौतीस वर्षांपूर्वीचा, विवाह नोंदणी कचेरीतला. मजकूर छापील, रकाने हाताने भरलेले. वराचे वय प्रथम ‘२६’ लिहून खोडले होते, वर ‘२८’ लिहिले होते आणि बाजूला निबंधकाची आखूड सही होती. मामांनी समाधानाने लिहिले: ‘[हस्तलिखित: “२६” खोडून “२८”, दुरुस्तीशेजारी आद्याक्षरी सही]’. खाडाखोड करावी तर अशी करावी, असे त्यांचे मत होते. खोडलेले दिसावे, नवे दिसावे आणि खोडणाराही दिसावा.

तळाशी वराची सही होती. शेजारी वधूच्या डाव्या अंगठ्याचा जांभळा ठसा, आणि ठशावर एक आडवी पांढरी रेघ. मामांनी लिहिले: ‘[वधूच्या डाव्या अंगठ्याचा ठसा, कागदाच्या घडीमुळे पडलेली आडवी रेघ]’.

आणि ठशाच्या शेजारी वधूची सही होती.

मामांचे पेन थांबले. एकतीस वर्षांत त्यांनी अंगठे पाहिले होते आणि सह्या पाहिल्या होत्या. एकाच माणसाने एकाच ओळीत दोन्ही दिल्याचे पाहिले नव्हते. सही निळी, चकाकती होती. बाकी सगळा दाखला चहात बुडवून काढल्यासारखा पिवळा पडला होता आणि ही सही मात्र कालच्या शाळेच्या वहीतली दिसत होती. अक्षरे सुटी सुटी, प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतंत्र रेघ, जणू एकेकाला घर बांधून दिले आहे. शेवटच्या अक्षराची मात्रा कचेरीच्या गोल शिक्क्यावर चढली होती. म्हणजे आधी शिक्का, मग सही.

दुसऱ्या दिवशी शिवणबाई आल्या. मामांनी आवक-जावक वही पुढे केली. मूळ दाखला परत मिळाल्याची सही तेथे घेत असत. बाईंनी पदर सावरला, वही सरळ केली, जीभ दातांत धरली आणि सही केली. सुटी सुटी अक्षरे. प्रत्येकाला घर.

मामांनी दाखला त्या सहीशेजारी ठेवला.

“ताई, ही कधी केलीत?”

“कळलं का तुम्हाला?” बाई प्रसन्न झाल्या. “मागच्या महिन्यात. आमचा संध्याकाळचा वर्ग संपला ना, प्रौढांचा. तीन वर्षं गेले मी. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी शपथ घेतली, की यापुढे अंगठा द्यायचा नाही. घरी आले, म्हटलं जिथे जिथे अंगठा आहे तिथे सही करून टाकू. रेशनकार्डावर केली. बँकेच्या जुन्या पुस्तकावर केली. मग म्हटलं लग्नच तेवढं का ठेवा.”

मामा डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर नेऊन बसले. ही त्यांची अत्यंत चिंतेची मुद्रा होती.

“अंगठा खोडला नाही हो मी,” बाई म्हणाल्या. “शेजारी जागा होती. आधी कच्च्या कागदावर सात वेळा केली. चुकली का?”

“सही चुकली नाही. सही फार चांगली आहे.”

“मग?”

“दाखला सरकारी आहे. दिला त्या दिवशी त्यावर जे होतं तेवढंच त्यावर असायला हवं. आता व्हिसाचा अधिकारी बघेल, की चौतीस वर्षांच्या कागदावर महिनाभराची शाई. त्याला कळायचं नाही की तुम्ही शिकलात. त्याला वाटेल कोणीतरी कागदाशी खेळलंय. आणि एकदा तसं वाटलं की मग तो बाकीचे कागदही उलटेपालटे करून बघतो.”

बाईंनी दाखल्याकडे पाहिले, मग वयाच्या रकान्यावर बोट ठेवले. “हे बघा. इथे त्या साहेबांनी सव्वीसचे अठ्ठावीस केले. खोडून केले. ते चालतं. आणि मी काही न खोडता स्वतःचंच नाव लिहिलं, ते चालत नाही?”

“त्यांनी दुरुस्तीशेजारी सही केली आहे.”

“मी तर नुसती सहीच केली आहे,” बाई म्हणाल्या.

 यावर मामांचे उत्तर असलेच तर ते न्यायालयाच्या भाषांतर शाखेत राहून गेले होते.

एवढ्यात भाची वर आली. जिन्यात उभे राहून ऐकण्याची तिची पद्धत होती आणि ती त्याबद्दल कधी लाजली नाही. तिने दाखला हातात घेतला, उजेडात धरला आणि म्हणाली, “यात काय अवघड आहे. मामा, तू तुझ्या कंसात ‘सही’ एवढंच लिही. कधीची, कसली, तुला कोण विचारतंय? तू काय कागद खरा असल्याची हमी देतोस का?”

“नाही देत. अनुवाद पूर्ण आणि अचूक आहे, एवढीच देतो.”

“झालं तर. सही आहे, तू सही लिहिलीस. पूर्ण आणि अचूक.”

“वधूचा अंगठा आणि वधूची सही, दोन्ही एकदमच असल्यासारखं वाचणाऱ्याला वाटेल. शाई वेगळी दिसते आहे. ती शिक्क्यावर चढली आहे. हे मला दिसत असताना मी लिहिलं नाही, तर मी झाकलं असं होईल.”

“मग ते पण लिही.”

“ते लिहिलं तर ताईंचा अर्ज माझ्याच टिपेवर अडकेल.”

“म्हणजे लिहिलं तरी पंचाईत, नाही लिहिलं तरी पंचाईत. मामा, तू अनुवाद करतोस की पेच घालतोस?” भाची बाईंकडे वळली. “माझ्याकडे खाली चांगलं मशीन आहे. सही तेवढी झाकून कलर काढून देते. कोणाच्या बापाला कळणार नाही.”

“आणि मूळ दाखवा म्हणाले तर?” मामांनी विचारले.

भाची गप्प झाली. ही दुर्मिळ घटना होती, आणि मामांनी ती मनातल्या कंसात नोंदवून ठेवली.

शिवणबाईंनी फोन काढला. “यांना विचारते,” म्हणाल्या. पलीकडे भट्टीवाल्याची दुपारची सुट्टी असावी. मागे कोणीतरी पत्र्याचे ट्रे आपटत होते. बाईंनी सर्व हकिगत सांगितली. फोन टेबलावर होता, त्यामुळे सर्वांना ऐकू आले.

“अगं, कशाला केलीस सही?” नवरा म्हणाला. “चौतीस वर्षं अंगठ्यावर चाललंय ना संसार.”

“तुमच्या वयाची खाडाखोड कशी झाली ते आधी सांगा. सव्वीस कोणी सांगितले होते?”

पलीकडे ट्रे आपटणे चालू राहिले.

“मला वाटलं,” बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, “तिथे आले की तुम्हाला दाखवीन. अंगठेबहाद्दर म्हणून गेलात, आता बघा म्हणेन.”

“अगं, मी कधी म्हटलं तसं?”

“तुम्ही नाही. तुमची आई म्हणायची.”

“तिच्यापुढे माझं तरी काय चाललं,” नवरा म्हणाला. मग त्याने विचारले, “साहेब तिथे आहेत का? साहेब, काही करा. मी इथे दोन खोल्या घेतल्यात. एकीत पलंग आहे, दुसरीत तिचं मशीन ठेवायला टेबल केलंय. शुक्रवार चुकायला नको.”

मामांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. “दाखला गेला तरी नोंदवही गेलेली नाही,” ते म्हणाले. “कचेरीत मूळ नोंद आहे. तिच्यावर ताईंनी सही केलेली नाही.”

“तिथे मला कोणी जाऊ दिलं नसतं,” बाई म्हणाल्या. “नाहीतर केली असती.”

बुधवारी सकाळी दोघे विवाह नोंदणी कचेरीत गेले. दाखल्यावर अनुक्रमांक आणि वर्ष होते, त्यामुळे वही सापडायला अर्धा तासच लागला. अभिलेख विभागाच्या खिडकीत एक कारकून बसत असे. तो प्रत्येक वाक्य दोनदा बोलत असे, म्हणून त्याला कार्बन म्हणत. मूळ वाक्य वरिष्ठांसाठी आणि प्रत स्वतःसाठी, असे त्याच्याबद्दल सांगत.

कार्बनने नकलेचा अर्ज पुढे सरकविला. बाईंनी जीभ दातांत धरून सही केली. कार्बनने वही उघडली, पानाकडे पाहिले, अर्जाकडे पाहिले.

“इथे अंगठा आहे,” तो म्हणाला. “इथे अंगठा आहे, आणि अर्जावर सही आहे.”

“मी शिकले,” बाई म्हणाल्या.

“ते ठीक आहे. ते ठीक आहे, पण बाई तीच कशावरून?”

मामांनी पासपोर्ट पुढे केला. कार्बनने तो उघडून पाहिला. “पासपोर्टात सही आहे. पासपोर्टात सही आहे आणि वहीत अंगठा आहे. मला वहीशी जुळवायचं आहे. अर्जदाराने नोंदवहीतल्याप्रमाणे निशाणी द्यावी, असं परिपत्रक आहे. अंगठा द्या, उद्या दुपारी नक्कल घेऊन जा.”

बाईंनी हात मागे घेतला.

“ताई,” मामा म्हणाले.

“शपथ घेतलीय मी.”

“अडाण्यासारखा अंगठा द्यायचा नाही, अशी असेल ती शपथ.”

“नाही. ‘यापुढे अंगठा देणार नाही’ अशीच आहे. फळ्यावर लिहिली होती. मी वहीत उतरवून घेतली, चार शब्दांत दोन चुका होत्या, त्या सुधारून परत लिहिली.” त्यांनी शाईच्या डबीकडे पाहिले. डबीतला स्पंज वाळून कातडीसारखा झाला होता. “तुम्हीच म्हणता ना, लिहिलंय तसंच वाचायचं?”

रांगेत मागे उभा असलेला एक इसम म्हणाला, “बाई, आमचाही लग्नाचा दाखला आहे. पोरीच्या लग्नाआधी मिळेल तर बरं.”

मामा आयुष्यभर लिहिलेल्याच्या बाजूने उभे राहिले होते. आता लिहिलेलेच समोर उभे होते आणि त्याला दोन चुका सुधारल्याचा आधार होता. ते हळूच म्हणाले, “ताई, तिकडे टेबल करून ठेवलंय.”

 बाईंनी डबी जवळ ओढली, तीत आपल्या बाटलीतले दोन थेंब पाणी घातले, आणि शिवणाची घडी दाबावी तसा डावा अंगठा अर्जावर सहीशेजारी दाबला.

“हा माझा,” त्या म्हणाल्या, “आणि ती सहीही माझीच. दोन्ही जुळवा. एक सोडून चालणार नाही.”

कार्बनने टेबलाच्या खणातून भिंग काढले. ते मामांच्या भिंगापेक्षा मोठे होते, हे मामांना खटकले. तो वहीकडे, अर्जाकडे, पुन्हा वहीकडे गंभीरपणे पाहू लागला.

“तुम्हाला ठशातलं कळतं?” बाईंनी विचारले.

“नाही. नाही, पण जुळवून पाहावं असं परिपत्रक आहे.” तो थांबला. भिंग थांबले. “ही रेघ. ही रेघ इथेही आहे.”

मामा खिडकीत वाकले. वहीच्या पानावर चौतीस वर्षांपूर्वीचा ठसा होता आणि त्यावर आडवी पांढरी रेघ. अर्जावर आत्ताचा ओला ठसा होता आणि त्यावर तीच रेघ, तेवढीच तिरकी. वहीच्या पानाला तेथे घडी नव्हती. अर्जाला तर घडी पडायला वेळच मिळालेला नव्हता.

बाईंनी अंगठा वर करून दाखविला. त्यावर जुना व्रण होता. “तेरा वर्षांची होते. मशीनची सुई आरपार गेली. आईने आधी कापड सोडवलं, मग मला. परकराला डाग पडला असता.”

“हीच बाई,” कार्बन म्हणाला. “हीच बाई. उद्या दुपारी या.”

परतीच्या वाटेवर मामा दोनदा चुकीच्या गल्लीत वळले. शिवणबाईंना वाटले ते शपथेबद्दल विचार करीत आहेत, आणि त्यांनी समजूत घातली, की वर्गाच्या बाईंना आपण सर्व सांगू, त्या रागावणार नाहीत, रागावल्या तरी एक ब्लाउज शिवून देऊ. परंतु मामा आपल्या टिपेबद्दल विचार करीत होते. ‘कागदाच्या घडीमुळे पडलेली रेघ.’ घडी त्यांनी पाहिली नव्हती. रेघ पाहिली होती. घडी त्यांनी आपल्या पदरची घातली होती. एकतीस वर्षे ‘नाही ते काहीही लिहू नये’ असे सांगणाऱ्या माणसाने एका बाईच्या अंगठ्यातून गेलेली सुई कागदाला पडलेली घडी म्हणून इंग्रजीत पाठविली असती. आणि पूर्ण व अचूक म्हणून खाली सही केली असती.

खोलीत आल्यावर त्यांनी जुना कच्चा अनुवाद भाचीच्या समोर आडवा-उभा फाडला.

“काय झालं?” भाचीने विचारले.

“अश्रू अथवा पाणी,” मामा म्हणाले.

भाचीने त्यांच्याकडे बारकाईने पाहिले आणि चहा आणायला गेली.

गुरुवारी दुपारी नक्कल मिळाली. नोंदवहीच्या पानाची झेरॉक्स, खाली ‘मुळाबरहुकूम नक्कल’ असा ताजा जांभळा शिक्का, नकलेचा क्रमांक, तारीख आणि अधिकाऱ्याची अगम्य सही. त्यावर अंगठा होता, वराची सही होती, सव्वीसचे अठ्ठावीस होते. वधूची सही नव्हती. बाईंनी ती पुनःपुन्हा पाहिली.

“माझी नाहीच यात,” त्या म्हणाल्या.

“यात नाही. त्या दिवशी तुम्ही केली नव्हती,” मामा म्हणाले. “पण व्हिसाच्या अर्जाच्या शेवटच्या पानावर चौकट आहे. तिथे अर्जदाराची सही लागते. तिथली कोणी नंतरची म्हणणार नाही.”

“किती मोठी आहे चौकट?”

मामांनी बोटांनी दाखविली.

“एवढीशी? माझी अक्षरं मावायची नाहीत.”

“तर मग कच्च्या कागदावर सात वेळा करून बघा.”

त्या खालच्या दुकानात बसून सराव करू लागल्या. भाचीने बिघडलेल्या झेरॉक्सचे पाठकोरे कागद त्यांना दिले आणि प्रत्येक सहीवर मत दिले. “ही जरा फुगली. ही बरी आहे. ही तर बँक मॅनेजरची वाटते.” वर मामा अनुवाद नव्याने करीत होते. वहीवरचा जुना शिक्का आता झेरॉक्समध्ये काळा उमटला होता. तो जांभळा आहे हे मामांना माहीत होते. पण या कागदावर ते दिसत नव्हते. त्यांनी लिहिले: ‘[गोल शिक्का; छायाप्रतीत, रंग समजत नाही; अंशतः अवाच्य]’. खालच्या ताज्या शिक्क्यापुढे ‘[प्रत्यक्ष उमटविलेला शिक्का, जांभळी शाई]’. वयाच्या रकान्यापुढे दुरुस्ती, आद्याक्षरी सहीसह. मागील बाजू कोरी. अंगठ्यावर त्यांनी भिंग धरले. मग लिहिले: ‘[डाव्या अंगठ्याचा ठसा, त्यावर आडवी फिकट रेघ]’. सुईबद्दल काही लिहिले नाही. ती त्यांना ठाऊक होती, कागदाला नव्हती.

शेवटी त्यांनी निवेदन लिहिले: दोन्ही भाषा आपणांस येतात, हा अनुवाद पूर्ण व अचूक आहे, नाव, पत्ता, तारीख. खाली सही केली. सही करताना या वेळी, का कोण जाणे, अक्षरे थोडी सुटी सुटी पडली.

जुना दाखला त्यांनी बाईंना परत दिला. “हा घरी ठेवा. कागद म्हणून कोणाला दाखवू नका.”

“मग काय म्हणून दाखवू?”

“यजमानांना दाखवा. सासूबाईंना दिलेलं उत्तर म्हणून चालेल.”

बाईंनी तो कापडी पाकिटात घातला आणि बटण लावले.

शुक्रवारी व्हिसाच्या कचेरीत काय घडले ते बाईंनी येऊन सांगितले. काचेपलीकडच्या मुलीने नक्कल पाहिली, अनुवाद पाहिला, एकेका कंसावर पेन्सिल टेकवत नकलेवर ती ती गोष्ट शोधली, आणि शेवटी विचारले, “हा अनुवाद कोणी केलाय? काही सोडलंच नाही.” बाईंनी सांगितले की आमच्या मामांनी केलाय आणि ते कोणालाच सोडत नाहीत. मुलगी हसली आणि कागद आत घेतले. चौकटीतली सही मावली. एक मात्रा थोडी बाहेर गेली.

सात आठवड्यांनी व्हिसा आला. शिवणबाई यंत्राचे फक्त डोके सोबत घेऊन गेल्या. पाय तिकडे टेबलाला होतेच.

त्यानंतर तीन महिन्यांनी भाची एक पाकीट घेऊन धावत वर आली. पत्र बाईंच्या हस्ताक्षरात होते, रेघांच्या कागदावर, एका बाजूला.

‘मामांना नमस्कार. मी पोचले. हे घोरतात. फोनवर कळलं नव्हतं. टेबल चांगलं केलंय पण अर्धा इंच उंच आहे, त्यावरून पहिलं भांडण झालं. जुना दाखला दाखवला. हे बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले तुझी सही माझ्यापेक्षा सुंदर आहे. म्हटलं, माझं वय पण खरं आहे. इथे प्रत्येक ऑफिसात सही मागतात, मी नाही म्हणत नाही. खाली सही केली आहे. शेजारी अंगठाही दिला आहे, शपथ मोडून. नाहीतर तुम्ही म्हणाल सही नंतरची आहे.’

खाली सही होती, प्रत्येक अक्षराला घर. शेजारी जांभळा ठसा, त्यावर आडवी रेघ. आणि अगदी कोपऱ्यात एक लहानसा गोल डाग होता, ज्याने कागद किंचित पारदर्शक झाला होता.

मामांचा हात पेन्सिलीकडे गेला.

“मामा,” भाची म्हणाली, “खबरदार. आईला जाऊन सांगेन.”

“मी काही अंदाज करणार नाही,” मामा म्हणाले. त्यांनी भिंग घेतले, डागाकडे पाहिले, लोणी असावे असे त्यांना वाटले, आणि दुसरेही काही वाटले. मग समासात त्यांनी बारीक अक्षरात लिहिले: ‘[हस्तलिखित, सही आणि अंगठा एकाच दिवशीचे. कोपऱ्यात डाग.]’

भाचीने ते वाचले. “एवढंच?”

“दिसतं एवढंच,” मामा म्हणाले, आणि दिव्याची मोडकी मान सरळ करू लागले.